फोनवरचं काम : पगार की कमिशन?

घरी बसून फोनवर माल विकायचं काम आता गावातही येतंय. समजा, मसाल्याच्या एका छोट्या कंपनीनं तुम्हाला सांगितलं, रोज चार तास फोन करा. महिन्याला ४,००० पगार घ्या, नाहीतर दर ऑर्डरला ६० रुपये कमिशन. साठ ऐकायला गोड वाटतात, पण हिशेब मांडू. दिवसाला ८० फोन लावले, निम्म्यांनीच उचलले, दोघांनी ऑर्डर दिली. २६ दिवसांत ५२ ऑर्डरी. त्यातल्या १२ जणांनी पार्सल दारातूनच परत पाठवलं. उरल्या ४०, म्हणजे २,४०० रुपये. त्यातून ३०० चा रिचार्ज गेला.

म्हणून आधी विचारा, कमिशन ऑर्डर घेतल्यावर मिळणार की माल पोचून पैसे आल्यावर? रिचार्ज कोण भरणार? उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा. नवीन असाल तर पहिले दोन महिने पगारच घ्यावा, असं माझं मत.

कुणी नोंदणीचे किंवा ट्रेनिंगचे पैसे आधी मागितले, तर तिथंच फोन ठेवा. त्याहून धोक्याचं म्हणजे ‘गिऱ्हाइकांचे पैसे तुमच्या खात्यात घ्या आणि पुढे पाठवा’, किंवा ‘तुमच्या नावावर सिम काढून द्या’. ते पैसे फसवणुकीचे निघाले तर खातं तुमचं गोठतं आणि चौकशीला पोलीस तुमच्याच दारी येतात. तुमचेच पैसे गेले असतील तर उद्यावर टाकू नका, लगेच १९३० ला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्याआधी अडवता येतात.