पोस्टरवरचं गाव बदलताना

दिवाळी झाली की आपल्याकडे मंडई सुरू होते, पुढे शंकरपट येतात आणि त्यांच्या जोडीनं झाडीपट्टीची नाटकं. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत फिरतात. नाटक तेच, कलाकार तेच, पोस्टरवरचे फोटोही तेच. बदलतं ते गाव आणि तारीख. म्हणून हंगामात आमच्या पोस्टरच्या धंद्यात सगळ्यात जास्त येणारं काम म्हणजे ‘भाऊ, फक्त गावाचं नाव बदलून द्या’. मूळ फाईल कुणाकडेच नसते. हाती येतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेला एक जेपीईजी. आज मी या एवढ्याशा बदलाबद्दलच बोलणार आहे: जुनी अक्षरं हातानं पुसायची की एआयच्या आपोआप पुसणाऱ्या साधनाला सांगायचं?

एक पोस्टर धरून चालू. त्यावर ‘बोंडगावदेवी’ आहे, हवं आहे ‘सौंदड’. पिवळी जाड अक्षरं, काळी किनार, खाली सावली. नाव मोठं आहे. त्याचं डावं टोक नक्षीच्या पडद्यावर पडलंय, मधला भाग काळपट मरून रंगावर आणि उजवं टोक नायिकेच्या हातावर. तिनं पदर दोन बोटांत धरलाय आणि शेवटच्या ‘वी’ची वेलांटी नेमकी त्या बोटांवरून गेलीय.

आधी फाईल पाहायची. लांबी १६०० पिक्सेल आणि पोस्टर छापायचं १८ इंच, म्हणजे इंचाला जेमतेम ८९ पिक्सेल. चांगल्या छपाईला ३०० लागतात. शिवाय जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून माहिती दाबतो, त्यामुळे जाड अक्षराच्या कडेला बारीक ठिपक्यांची लहर उठते. ती लहर आणि सावली मिळून अक्षर डोळ्यांना दिसतं त्याहून मोठं असतं. निवड करताना अक्षराच्या बाहेर चार-सहा पिक्सेल जास्त घ्यायचे आणि सावली पूर्ण आत घ्यायची. हे हाताच्या कामालाही लागू आहे, पण एआयला जास्त. सावलीचा तुकडा बाहेर राहिला तर ते साधन आजूबाजूला पाहून अंदाज बांधतं की इथं सावली पाडणारं काहीतरी असलं पाहिजे, आणि पुसलेल्या जागी अक्षरासारखा नवा डाग काढून ठेवतं. लोक म्हणतात, एआयला नाव पुसता येत नाही. बहुतेक वेळा दोष निवडीचा असतो.

त्यानंतरचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो आणि पुष्कळ जण तो उलटा करतात. पुसण्याआधी नवीन नाव लिहून घ्या. ‘सौंदड’ त्याच उंचीत, त्याच जाडीत, किनार आणि सावलीसकट मधोमध बसवा. मग दिसेल की जुन्या नावाचा मधला भाग नव्या अक्षरांखाली बराचसा झाकला गेलाय. तिथं नव्या अक्षरांच्या फटींतून जुनं डोकावतं तेवढंच नीट करायचं, आणि रंग सपाट असल्यानं ते झटकन होतं. खरं काम उरलं दोन टोकांचं. नवीन अक्षरं मात्र टाईपच करायची, श्रीलिपीतला मिळताजुळता टाईप शोधून. चित्र बनवणाऱ्या एआयकडून देवनागरी लिहून घेतली की मात्रा सरकू शकते किंवा जोडाक्षर मोडू शकतं, आणि गावाच्या नावात अशी चूक गावकरी सहन करत नाहीत. करूही नये.

आता डावं टोक, पडदा. हातानं करायचं तर क्लोन स्टॅम्पनं शेजारची नक्षी उचलून इथं लावायची आणि नक्षीची ओळ जुळवत बसायची. त्यात पुनरावृत्ती दिसून येते. तेच फूल दोनदा दिसलं की डोळा लगेच तिथं अडकतो. फोटोशॉपमधलं २०२३ साली आलेलं रिमूव्ह टूल हेच काही सेकंदांत करतं आणि माझ्या मते बहुतेकांच्या हातापेक्षा चांगलं करतं. पडद्यावरचं फूल खरं कुठं होतं, याच्याशी कुणालाच देणंघेणं नाही. तिथं नक्षी पटली की काम झालं. एकच खोड: भरलेला तुकडा फार स्वच्छ असतो. भोवती जेपीईजीची खरखर आणि मधे गुळगुळीत ठिगळ, असं छापल्यावर दिसतं. त्या तुकड्यावर एक-दोन टक्के एकरंगी नॉइज टाकला की तो भोवतालात मिसळतो.

उजव्या टोकाला सगळं बदलतं. एआयला तीन पर्याय मागितले. एकात दोन्ही बोटं चिकटून एक झाली. दुसऱ्यात नख गेलं. तिसरा पहिल्या नजरेला उत्तम होता, पण मूळ फोटोशी ताडून पाहिलं तर मनगटावरच्या हिरव्या काचेच्या बांगड्यांपैकी एक कमी झाली होती, तीही जिथं अक्षर नव्हतंच तिथं, कारण निवड तिथवर पसरली होती. पुन्हा मागितलं तर पुन्हा वेगळंच येतं. ‘बोट तसंच ठेव, फक्त पिवळं काढ’ एवढा साधा हुकूम दिला तरी तो तसाच पाळला जाईल याची खात्री नसते. ते पुसत नाही, नव्यानं काढतं.

हातानं असं केलं: वर वेगळा रिकामा लेयर घेतला, म्हणजे मूळ चित्राला धक्का नाही. चित्र ३०० टक्के मोठं केलं. सहा-आठ पिक्सेलच्या क्लोन स्टॅम्पनं बोटाची कड, जिथं ती शाबूत आहे तिथून उचलून, त्याच रेषेत पुढे नेली. कडेला हीलिंग ब्रश वापरायचा नाही. तो शेजारचा रंग ओढतो आणि उरलेला पिवळा त्वचेत मिसळून घाण करतो. कड पक्की झाल्यावर आतली त्वचा हीलिंगनं सारखी केली. याला पडद्याच्या कित्येक पट वेळ लागला.

इथं कुणी विचारेल, हातानं काढलेलं बोट तरी खरं कुठं आहे? वेलांटीखालची त्वचा गेली ती गेलीच, मीही अंदाजच करतो. बरोबर आहे. फरक असा की माझा अंदाज शेजारच्या बोटावरून घेतलेला आहे, तो कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे मला माहीत आहे, आणि पटला नाही तर तेवढाच खोडता येतो. एआयच्या तुकड्यात खोटं कुठं आहे ते आधी शोधावं लागतं. झाडीपट्टीचा प्रेक्षक नायिकेला नावानं ओळखतो, तिचं काम पाहायला थंडीत रात्रभर बसतो. तिच्या हाताचा, चेहऱ्याचा एक पिक्सेलही कुणी मनानं काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अक्षर चेहऱ्यावर आलं असेल तर मी पुसायलाच बसत नाही. मंडळीला फोन करून मूळ फोटो मागवतो.

म्हणून ‘हात की एआय’ हे मी कामाची घाई पाहून ठरवत नाही. अक्षराखाली काय आहे ते पाहून ठरवतो, आणि एकाच नावाच्या दोन टोकांना दोन वेगळी उत्तरं येऊ शकतात.

शेवटची तपासणी मात्र दोन्हींना सारखीच. जेपीईजी करण्याआधी मूळ चित्र सगळ्यात वरच्या लेयरवर ठेवा आणि ब्लेंड मोड डिफरन्स करा. जे बदललं नाही ते काळंभोर दिसतं, बदललेलं उजळतं. उजेड फक्त नावाच्या पट्टीत असला पाहिजे. फरक बारीक असेल तर वर लेव्हल्स लावून तो भडक करा. मोबाईलवरच्या पुसणाऱ्या काही अ‍ॅपमध्ये सगळं चित्रच पुन्हा दाबलं जातं, तेव्हा पोस्टरभर धूसर ठिपके उजळतात. ती फाईल छपाईला देऊ नका. डिफरन्समध्ये सगळं ठीक निघालं की फक्त ती पट्टी खऱ्या मापात ए-फोर कागदावर छापायची आणि हातभर अंतरावरून पाहायची. स्क्रीनवर न दिसलेलं गुळगुळीत ठिगळ बहुधा तिथं सापडतं.