मिश्र खर्चाची फोड



मसाला कांडपाचं छोटं केंद्र डोळ्यांसमोर आणा. जागेचं भाडं कांडप झालं नाही तरी द्यावंच लागतं. तो स्थिर खर्च. किलोमागे दिलेली मजुरी कामाबरोबर वाढते. तो बदलता खर्च. विजेचं बिल मात्र दोन्हींचं मिश्रण असतं. बिलातला स्थिर आकार आणि दिवे-पंख्यांची वीज काही सुटत नाही. यंत्राची वीज मात्र कांडपाप्रमाणे वाढते. हे दोन भाग वेगळे कसे काढायचे?

मागच्या सहा महिन्यांचं कांडप आणि त्या-त्या महिन्याचं बिल शेजारी शेजारी लिहा. सर्वाधिक आणि सर्वांत कमी कांडपाचे महिने निवडा. समजा, एप्रिलमध्ये १८०० किलो कांडप झालं आणि बिल आलं ७८०० रुपये. जूनमध्ये पाऊस लागला, काम ५०० किलोवर आलं आणि बिल ३९०० रुपये. काम १३०० किलोंनी घटलं, बिल ३९०० रुपयांनी. ३९०० ला १३०० नं भागलं की किलोमागे ३ रुपये येतात. हा झाला बदलता भाग. एप्रिलच्या १८०० किलोंचे ५४०० रुपये ७८०० मधून वजा केले की उरतात २४०० रुपये. तो स्थिर भाग. जूनचा हिशेब करून पाहा, तिथेही २४०० च उरतील.

इथे एक चूक हमखास होते. महिने निवडताना कांडप पाहायचं, बिल नाही. समजा, मे महिन्यात कांडप १५०० किलो, पण बिल ८१०० रुपये. कारण त्यात १२०० रुपयांची मागची थकबाकी होती. सर्वांत मोठं बिल म्हणून मे निवडलात, तर किलोमागे खर्च ४ रुपये २० पैसे निघेल, आणि तो चुकीचा असेल. थकबाकी वजा केली तर मे महिन्याचे ६९०० रुपये उरतात, आणि आपलं सूत्रही तेच सांगतं: २४०० अधिक १५०० गुणिले ३.

ही पद्धत फक्त दोन महिन्यांवर उभी असते. म्हणून मधल्या एखाद्या महिन्याचं बिल सूत्रानं काढून खऱ्या बिलाशी ताडून पाहा. फरक मोठा आला, तर निवडलेल्या दोन महिन्यांपैकी एखादा वेगळाच असावा, किंवा मधल्या काळात वीजदर बदलला असावा. दर बदलला असेल, तर त्याआधीचे महिने सोडून द्या. हे उत्तर ५०० ते १८०० किलोंपुरतंच धरा. दुसरं यंत्र घेतलंत की स्थिर भागही बदलेल.

आता कुणी २०० किलोंचं जादा काम आणलं, तर विजेचा वाढीव खर्च ६०० रुपयेच आहे, हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल. दर सांगण्यापूर्वी एवढा हिशेब जरूर करा.