कंकणाकृती आणि स्तंभालेख

मेदूवड्यास जसे मध्ये भोक असते, तशा आकाराची एक आकृती अलीकडे वर्तमानपत्रांतून व कचेऱ्यांच्या अहवालांतून वारंवार दिसते. तिला डोनट चार्ट म्हणतात. आपण तिला कंकणाकृती म्हणू. शाळेतील वृत्तालेखाचे पोट कोरून काढले की ती तयार होते. कोरलेल्या जागी एकूण बेरीज लिहावयाची, आणि सभोवतालच्या कड्याचे तुकडे त्या बेरजेचे वाटे दाखवितात.

ही आकृती कोठे शोभते, हे लातूर जिल्ह्यावरून पाहता येईल. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या 24 लाख 54 हजार भरली. पैकी 18 लाख 29 हजार माणसे खेड्यांत आणि 6 लाख 25 हजार शहरांत राहत होती. मध्ये 24 लाख 54 हजार हा आकडा आणि भोवती दोनच तुकडे. शहरी तुकडा जवळजवळ काटकोनाएवढा येतो. काटकोन ओळखावयास कोनमापक लागत नाही. चारांत एक माणूस शहरात, हे क्षणात कळते. येथे कंकणाने आपले काम चोख केले.

आता त्याच कंकणावर मराठवाड्याचे आठही जिल्हे बसवावेत. मध्ये 1 कोटी 87 लाख ही बेरीज येईल. माथ्यापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, मोठ्याकडून लहानाकडे जाऊ लागले, की पहिला तुकडा तेव्हाच्या औरंगाबादचा (आज छत्रपती संभाजीनगर), दुसरा नांदेडचा, आणि तिसरा व चौथा बीड व लातूर यांचा. बीडची लोकसंख्या 25 लाख 85 हजार, म्हणजे लातूरहून सुमारे 1 लाख 31 हजारांनी अधिक. एवढी माणसे म्हणजे मोठे शहरच! परंतु पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या कंकणाच्या बाहेरच्या कडेवर हा फरक जेमतेम दोन मिलिमीटरांचा होतो. शिवाय एक तुकडा खाली उजवीकडे वळलेला, दुसरा डावीकडे. डोळ्याने कोणता कोणाशी ताडून पाहावा? मग आकृती काढणारा प्रत्येक तुकड्यावर आकडे चिकटवितो, आणि वाचक आकृती सोडून आकडेच वाचू लागतो. चित्र हरले, याची ही हमखास खूण होय.

तेच आठ आकडे स्तंभालेखात मांडावेत. लाखास चार मिलिमीटर असे प्रमाण घेतले, तर बीडची पट्टी सुमारे 103 आणि लातूरची 98 मिलिमीटर होते. दोघींचे मूळ एकाच रेषेवर असल्याने पाच मिलिमीटरांचे अंतर टोकाशी उघड दिसते. पट्ट्या आडव्या काढाव्यात; ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव उभ्या पट्टीखाली मावता मावत नाही. मात्र मोजणी शून्यापासूनच हवी. वीस लाखांपासून आरंभ केला, तर बीडच्या पट्टीस 5.85 आणि लातूरच्या पट्टीस 4.54 एवढीच लांबी उरते. बीड लातूरच्या जवळजवळ सव्वापट भासू लागते. कित्येक पट्ट्या अशाच खोटे बोलतात.

दोन जिल्ह्यांची दोन कंकणे शेजारी ठेवण्याची हौसही पुष्कळांस असते. नांदेडची लोकसंख्या 33 लाख 61 हजार. समान आकाराच्या कंकणांत मधला आकडा वेगळा असला, तरी डोळा दोन्ही जिल्हे सारखेच मानतो. त्यावर उपाय म्हणून नांदेडचे कंकण मोठे काढावे, तर बहुतेक जण व्यासच 1.37 पट करतात. त्याने क्षेत्रफळ जवळजवळ 1.88 पट होते. खरा व्यास 1.17 पटच हवा होता. दोन पट्ट्या काढल्या असत्या, तर हा हिशेबच उरला नसता.

राहिली मधली बेरीज. ती शोभेची वस्तू समजली जाते, पण तिचे एक मोलाचे काम आहे. हिंगोलीचे 11 लाख 77 हजार लोक कोणी विसरून आकृती काढली, तरी उरलेल्या सात जिल्ह्यांचे कंकण पूर्ण गोलच दिसेल. फट कोठेच पडणार नाही. मध्ये 1 कोटी 75 लाख लिहिले असेल, तर जाणता वाचक अडखळेल. 1 कोटी 87 लाख लिहिले असेल, तर तुकड्यांवरील आकडे मिळविताच चूक सापडेल. मात्र ही तपासणी खऱ्या वाट्यांपुरतीच. साक्षरतेचे प्रमाण नांदेडात शेकडा 75 आणि लातुरात 77. ते एका कंकणात घातले, तर मध्ये काय लिहावे? 152? अशा आकड्यांस मुळात बेरीजच नाही, म्हणून कंकणही नाही. तेथे दोन पट्ट्याच काढाव्यात.