पाण्याचा पेला ताटापासून दूर



पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी दूरदूरची माणसं मिरजेत येतात आणि टाके काढून घरी जातात. ती घरी गेल्यानंतर त्यांच्या ताटात काय घडतं, याबद्दल स्वागताध्यक्ष म्हणून आणि एक सर्जन म्हणून मला थोडं बोलायचं आहे.

कर्करोगामुळे जठराचा खालचा भाग काढलेले एक शेतकरी, वय 56. घरी जाताना मी त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, ‘हलका, पातळ आहार घ्यावा.’ ते शब्द मी कितीतरी वर्षं लिहीत आलो. घरच्यांनी ते अक्षरशः पाळले. सकाळी गूळ घातलेली पेज आणि वर कपभर गोड चहा. थोड्याच वेळात पोटात मुरडा, छातीत धडधड, घाम, आणि आडवं व्हावंसं वाटणं. अशक्तपणा आला म्हणून घरच्यांनी ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि त्रास आणखी वाढला. महिन्याभराने ते माझ्यासमोर आले तेव्हा वजन 6 किलोंनी उतरलं होतं आणि जेवायचीच धास्ती बसली होती.

जठराच्या खालच्या तोंडाशी असलेली झडप अन्न थोडंथोडं पुढे सोडते. ती गेली की घास धाडकन लहान आतड्यात उतरतो. त्यात साखर जास्त असेल तर ते दाट मिश्रण रक्तातलं पाणी आतड्यात ओढून घेतं. पोट फुगतं, नाडी धावते. हा त्रास खाल्ल्यावर बहुधा 10 ते 30 मिनिटांत होतो. दुसरा प्रकार 1 ते 3 तासांनी येतो. साखर झपाट्याने रक्तात शिरलेली असते, तिला आवरायला इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि मग रक्तातली साखर एकदम खाली येते. घाम आणि धडधड दोन्हींत सारखीच, त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून फसगत होते. फरक दाखवतं ते घड्याळ.

म्हणून त्या शेतकऱ्यांच्या सुनेला आमच्या आहारतज्ज्ञ ताईंनी शाळेची साधी वही घ्यायला सांगितलं. कधी खाल्लं, काय आणि किती खाल्लं, पाणी कधी प्यालं, त्रास किती मिनिटांनी झाला, एवढंच लिहायचं. उशिरा घाम फुटला तर बोटाला टोचून साखर पाहायची. एका आठवड्यात चित्र स्पष्ट झालं. सकाळी 8 ला पेज-चहा, 8:20 ला धडधड. आणि त्याच दिवशी 10:15 ला हात थरथरले, साखर 54. म्हणजे दोन्ही प्रकार एकाच न्याहारीतून.

मग ताट बदललं. दिवसातून 6 वेळा थोडंथोडं खायचं. पेजेच्या जागी अर्धी ज्वारीची भाकरी, उकडलेलं अंडं किंवा मटकीची कोरडी उसळ. भातावर वरण ओतायचं नाही, घट्ट पिठल्याशी खायचा. घास सावकाश चावायचा, जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं. गूळ, सरबत, खीर बंद. पाणी मात्र जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास नाही. सर्वांत जड गेला तो हाच नियम. भाकरीबरोबर तांब्या हवाच, ही उभ्या आयुष्याची सवय.

इथेच एक चूकही झाली. पाणी जेवणापासून तोडलं, पण मधल्या वेळेत प्यायचं राहून गेलं. एप्रिलचे दिवस. वहीत पाण्याचे रकाने कोरे दिसले आणि लघवी पिवळी होत असल्याचं सुनेने सांगितलं. तेव्हा दोन खाण्यांच्या मधल्या तासांना घोटघोट पाण्याची वेळ ठरवून दिली, दिवसभरात साधारण दीड लिटर. पाणी वेगळं करा असं सांगताना ते कधी प्यायचं हेही त्याच कागदावर लिहिलं पाहिजे.

तीन आठवड्यांत लवकरचा त्रास जवळजवळ थांबला. उशिराचा मात्र आठवड्यातून दोनदा येतच राहिला. तेव्हा अकार्बोज हे औषध जोडावं लागलं, कारण आहाराची मर्यादा वहीनेच दाखवून दिली होती. साखर खरोखर उतरलीच तर काय करायचं हेही ठरवलं: तीन छोटे चमचे ग्लुकोज पावडर मोजून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि सावरल्यावर मूठभर फुटाणे. ग्लुकोजवरच थांबलं तर तेच चक्र पुन्हा फिरतं.

आज दुपारी भोजनकक्षात खिडकीजवळच्या एका टेबलावर पाण्याचे पेले नसतील. ते जेवण उरकल्यावर अर्ध्या तासाने येतील. तिथे हे काका आणि त्यांची सून बसणार आहेत. दोघांनी आपणहून यायचं कबूल केलं आणि सोबत आजवर भरलेल्या तीन वह्या आणल्या आहेत. त्या जरूर चाळा, आणि काय विचारायचं ते सुनेला विचारा.