‘मग’च्या जागी ‘म्हणून’

गोष्टीचे फासे आता बाजारात मिळतात. त्यांतला ‘रोरीज स्टोरी क्यूब्ज’ हा संच बहुतेकांना माहीत असेल: नऊ फासे, प्रत्येकाच्या सहा बाजूंवर सहा चित्रं, म्हणजे एकूण चोपन्न. पण सहा वर्षांच्या मुलासमोर नऊच्या नऊ फासे टाकू नका. तो चित्रांची फक्त यादी वाचतो. जेवताना तीनच फासे पुरे.

समजा, मासा, किल्ली आणि छत्री पडली. मूल म्हणतं, “एक मासा होता. मग त्याला किल्ली मिळाली. मग छत्री मिळाली. संपली!” ही अजून गोष्ट नाही, नुसती साखळी आहे. ओळखायचं कसं? किल्ली आणि छत्री यांची अदलाबदल करून बघा. काहीच बिघडलं नाही, तर एका घटनेतून दुसरी निघालेली नाही. या वयात हे स्वाभाविकच आहे. एकामागून एक काय झालं, हे मुलाला सांगता येतं, पण ते कशामुळे झालं, हे जोडायला तो आत्ता कुठे शिकत असतो.

इथे मोठ्यांनी एकच प्रश्न विचारावा: “किल्ली मिळाली, म्हणून काय झालं?” पोळीचा घास हातात तसाच राहतो. मग उत्तर येतं, “म्हणून त्यानं बुडलेली पेटी उघडली.” आता “पण” पुढे करा. “पण आत काय निघालं?” “छत्री! पाण्यात छत्री कशाला? म्हणून त्यानं ती उलटी केली, आणि खेकड्याच्या पिल्लाला तिच्यात बसवून किनाऱ्यावर नेलं.” आता अदलाबदल करून बघा. छत्रीनं पेटी उघडत नाही. क्रम पक्का झाला आणि कल्पनाही त्या ‘पण’च्या अडचणीतूनच उगवली. दोन न जुळणाऱ्या वस्तू शेजारी ठेवल्या की मन त्यांच्यात दुवा शोधू लागतं, हे जानी रोदारी या इटालियन बालसाहित्यिकानं ‘ग्रामातिका देला फांताझिया’ या १९७३च्या पुस्तकात फार सुंदर मांडलं आहे.

खेळ फसतो तो बहुधा आपल्यामुळे. मूल थांबलं की बाबा घाईनं शेवट सांगून टाकतात. थोडं गप्प बसा, ते विचार करत असतं. प्रत्येक वाक्याला “का?” विचारलंत तर ती तोंडी परीक्षा होते, एका गोष्टीत दोन-तीन प्रश्न खूप झाले. रोज तोच मासा नायक झाला तरी होऊ द्या. ओळखीचा नायक असला की सगळं लक्ष घटनांकडे देता येतं. आणि मूल पेंगुळलेलं असेल तर त्या दिवशी फासे डब्यातच राहू द्यावेत.

दुसऱ्या दिवशी तेच तीन फासे त्याच क्रमानं मांडा आणि मुलाला ती गोष्ट आजीला सांगायला लावा. आजीनं ती ऐकलेली नसते, त्यामुळे पेटी कुठून आली हे तिला सांगावंच लागतं. दुवा सुटला की आजी आपसूक विचारते, “अरे, पण पेटी कुठली?” मग मूल मागे जातं, सुटलेला तुकडा जागी बसवतं आणि पुढे सांगू लागतं.