भाडं अडवू नका, खर्च वळता करा



पावसाळा तोंडावर आला की जुन्या वाड्यांतले आणि चाळींतले भाडेकरू आम्हा वकिलांकडे हमखास एक प्रश्न घेऊन येतात. "छत गळतंय, मालक दाद देत नाही. भाडं बंद केलं तर चालेल का?" माझं उत्तर ठरलेलं आहे: भाडं बंद करू नका. स्वतः दुरुस्ती करून तिचा खर्च भाड्यातून वळता करण्याचा हक्क मात्र कायद्यानं तुम्हाला दिला आहे. वरवर पाहता दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात, पण एकीला कायद्याचा आधार आहे आणि दुसरीनं घर जाऊ शकतं.

हा आधार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 मध्ये आहे. भाडेकरूनं वेगळा करार केलेला नसेल, तर जागा राहण्याजोगी ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. त्यानं ते टाळलं, तर भाडेकरूनं किमान 15 दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतर वाजवी वेळेत काम झालं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापून घेऊ शकतो. मात्र एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. लोक चुकतात ते नेमके इथे.

एक उदाहरण घेऊ. समजा, खोलीचं भाडं महिना 600 रुपये आहे. वर्षाचे 7,200 झाले, त्याचा चौथा हिस्सा 1,800. कौलं आणि वासे बदलायला 5,000 रुपये लागले. आता आठ महिन्यांहून अधिक काळ भाडं न देता ही रक्कम एकदम वसूल करता येणार नाही. पहिल्या वर्षी 1,800, दुसऱ्या वर्षी 1,800 आणि तिसऱ्या वर्षी उरलेले 1,400, असंच ते वळतं होईल. माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी दरमहा 150 कापा आणि 450 रुपये न चुकता द्या. किती रक्कम कशापोटी कापली, हे प्रत्येक वेळी लेखी कळवा. मालक पैसे घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि ती परत आली तर तो कागद जपून ठेवा. कामाचा हिशेब आणि बिलं नीट ठेवली, तर खर्चाचा पुरावा म्हणून कायदा तीच ग्राह्य धरतो आणि ती मालकावर बंधनकारक असतात.

आता याच भाडेकरूनं नोटीस न देता, रागाच्या भरात, दहा महिने भाडंच दिलं नाही असं समजा. थकबाकी 6,000 झाली. मालकानं लेखी मागणीची नोटीस दिली, की ती मिळाल्यापासून 90 दिवस संपल्यावर तो कब्जाचा दावा लावू शकतो. तिथेही कायदा भाडेकरूला आणखी एक संधी देतो. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळी थकबाकी वर्षाला 15 टक्के सरळ व्याजासह भरायची, दाव्याचा निकाल लागेपर्यंत भाडं नियमित भरत राहायचं आणि कोर्ट सांगेल तो खर्च द्यायचा. यात कसूर झाली, तर गळक्या छताचे फोटो दाखवून घर वाचेलच असं नाही. छत गळतं ही मालकाची चूक खरी, पण तेवढ्यावरून भाडं थकवण्याचा हक्क मिळत नाही.

आणखी दोन धोके सांगतो. दुरुस्तीच्या नावाखाली पोटमाळा किंवा नवी पक्की भिंत उभारू नका. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायम स्वरूपाचं बांधकाम करणं हे जागा खाली करून घेण्याचं स्वतंत्र कारण आहे. दुसरं म्हणजे, ज्यांची जागा लिव्ह अँड लायसन्सवर आहे त्यांनी हे कलम आपल्याला लागू आहे असं गृहीत धरू नये. आज बहुतेक तरुण कुटुंबं याच करारावर राहतात. तिथे दुरुस्ती कोणी करायची, हे करारातच पाहावं लागतं. म्हणून सही करण्याआधीच दुरुस्तीची अट करारात लिहून घ्या.

या हक्काला मर्यादाही आहे. महिना 600 भाड्याच्या खोलीच्या तुळयांवर 60,000 खर्च झाला, तर वर्षाला 1,800 प्रमाणे तो फिटायला तीस वर्षांहून अधिक काळ लागेल. एवढ्या मोठ्या कामासाठी हा मार्ग नाही. अशा वेळी सगळ्या भाडेकरूंनी मिळून नोटीस द्यावी आणि इमारत धोकादायक वाटत असेल तर महापालिकेकडे लेखी तक्रार करावी.

श्रोतेहो, छत गळू लागलं की आधी पोच मिळेल अशा रीतीनं नोटीस पाठवा, मग दुरुस्ती करा, बिलं जपा आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापलीकडे एक रुपयाही कापू नका. उरलेलं भाडं वेळेवर द्या आणि त्याची पावती मागून घ्या.