भात, ग्लुकोज आणि अडलेली एक पायरी

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



मी आयुष्यभर वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त मास्तरापुढे माइक आला की काय होतं हे तुम्ही जाणताच, म्हणून आधीच सांगतो, आज मी एकाच जीवनसत्त्वाबद्दल बोलणार आहे. ते म्हणजे बी-१, थायमिन. त्याला निमित्त आमच्या नात्यातल्या एका मुलीचं आहे. तिचं नाव आणि गाव मी सांगत नाही.

तिला तिसरा महिना होता. उलट्या इतक्या, की चार आठवडे पेजेचं पाणीसुद्धा पोटात ठरेना. सहा किलो वजन उतरलं. शेवटी दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, आणि शक्ती यावी म्हणून ग्लुकोजच्या बाटल्या सुरू झाल्या. दोन दिवसांत उलट्या थोड्या थांबल्या. घरच्यांना हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी मात्र ती म्हणाली, "काकू, मला तुम्ही दोन दिसताय." उठवून उभी केली तर झोकांड्या जायला लागल्या. संध्याकाळी आज वार कोणता, हे तिला सांगता येईना. कुणी म्हणालं अशक्तपणा, कुणी म्हणालं दृष्ट लागली. पोटात अन्न जात नव्हतं तेव्हा जी शुद्धीवर होती, ती साखर मिळाल्यावर बिघडली. हे असं का झालं, तेच आज उलगडून सांगायचं आहे.

"जीवनसत्त्व" हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, हे शक्ती देणारं काहीतरी असेल. थायमिनमध्ये शक्ती अजिबात नाही. ते सरपण नव्हे. आपल्या स्वयंपाकघरातली सांडशी डोळ्यांपुढे आणा. चूल पेटलेली आहे, भांडं उकळतंय, स्वयंपाकीण उभी आहे, पण सांडशी नसेल तर भांडं चुलीवरून उतरत नाही. शरीरात स्वयंपाकिणीचं काम करतात ती विकरं, म्हणजे एन्झाइम. त्यांतल्या काहींना हाती धरायला एक लहानसा रेणू लागतो. त्याला सहविकर किंवा कोएन्झाइम म्हणतात. थायमिन हा या सांडशीचा कच्चा माल आहे. पेशीत गेल्यावर त्याला दोन फॉस्फेट जोडले जातात आणि थायमिन पायरोफॉस्फेट तयार होतं. ही जोडणी शरीर स्वतः करतं, पण मूळचं थायमिन काही त्याला घडवता येत नाही. ते ताटातूनच यावं लागतं.

आता ही सांडशी नेमकं काय धरते ते बघू. आपण खाल्लेल्या भाताचं किंवा भाकरीचं ग्लुकोज होतं. त्यात सहा कार्बन असतात. पेशी त्याचे दोन तुकडे करते, तीन-तीन कार्बनचे. या तुकड्याला पायरुव्हेट म्हणतात. इथपर्यंत थायमिनची काहीच गरज नसते, पण इथपर्यंतची कमाईही अगदी थोडी असते. एका ग्लुकोजमागे ऊर्जेची दोन नाणी म्हणा. तेच पायरुव्हेट पुढे प्राणवायूच्या साहाय्याने पूर्ण जळलं, तर साधारण तीस नाणी मिळतात. या दोन टप्प्यांमध्ये एक दरवाजा आहे. तिथे पायरुव्हेटचा एक कार्बन कार्बन डायऑक्साइड म्हणून काढावा लागतो, आणि उरलेला दोन कार्बनचा तुकडा पुढे सोपवावा लागतो. हे काम पायरुव्हेट डिहायड्रोजनेज नावाचं विकर करतं. थायमिनच्या रेणूत गंधक आणि नायट्रोजन यांच्या मधोमध एक कार्बन बसलेला असतो. तो पायरुव्हेटला पकडतो, कार्बन डायऑक्साइड निसटेपर्यंत उरलेला तुकडा धरून ठेवतो आणि मग पुढच्या हाती देतो. थायमिन नाही, तर दरवाजा बंद. पुढे याच ज्वलनचक्रात आणखी एक असाच दरवाजा आहे, आणि त्यालाही हीच सांडशी लागते.

दरवाजा बंद झाला की पायरुव्हेट साचतं. साचलेल्याचं लॅक्टिक आम्ल होतं आणि रक्ताची आम्लता वाढते. ज्या अवयवांचं काम घटकाभरही थांबत नाही, त्यांना आधी फटका बसतो. मेंदू जवळजवळ सर्वस्वी ग्लुकोजवर चालतो, हृदयाला विसावा नाही, आणि पायापर्यंत जाणाऱ्या लांब नसांना तेवढीच लांब रसद लागते. बेरीबेरी या एकाच रोगाची रूपं वेगवेगळी का दिसतात, ते यावरून कळतं. नसा बिघडल्या की पाय बधिर होतात आणि चालता येत नाही. हृदय आणि रक्तवाहिन्या बिघडल्या की अंगावर सूज येते आणि धाप लागते. मेंदू बिघडला की डोळ्यांची हालचाल चुकते, तोल जातो, भ्रम होतो. या मेंदूच्या प्रकाराला वेर्निके यांचं नाव आहे. आमच्या मुलीला झालं होतं ते हेच.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांनी 1930 च्या सुमारास कबुतरांना फक्त पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलं. काही आठवड्यांत त्यांच्या माना मागे वळल्या, तोल गेला. त्या कबुतरांच्या मेंदूचा भाग परीक्षानळीत घेऊन पाहिला, तर तो ग्लुकोजवर असताना नेहमीपेक्षा कमी प्राणवायू घेत होता. त्याच नळीत बी-१ चा अगदी सूक्ष्म अंश टाकला आणि प्राणवायूचा खप पुन्हा वाढला. म्हणजे पेशी मेलेल्या नव्हत्या. त्यांची एक पायरी तेवढी अडली होती. पीटर्स यांनी याला "जीवरासायनिक इजा" म्हटलं. सूक्ष्मदर्शकाखाली काहीच बिघडलेलं दिसत नाही आणि तरी प्राणी मरणाच्या दारात असतो, अशी ही अवस्था. पुढे 1937 साली लोहमान आणि शुस्टर यांनी ती सांडशी म्हणजे थायमिन पायरोफॉस्फेट हे दाखवून दिलं.

आता मुलीकडे परत येऊ. शरीरात थायमिनचा साठा असतो अवघा 25 ते 30 मिलिग्रॅम. रोजची गरज एक मिलिग्रॅमच्या आसपास, गरोदरपणी थोडी जास्त. दोन-तीन आठवडे काहीच पोटात ठरलं नाही, तर साठा जवळजवळ संपतो. ती चार आठवडे उपाशी होती. उपाशी शरीर चरबी जाळून दिवस काढतं, आणि चरबीच्या वाटेत पायरुव्हेटचा तो पहिला दरवाजा लागत नाही, म्हणून ती कशीबशी तगली. मग बाटल्या लागल्या. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज असतं. दिवसाला चार बाटल्या म्हणजे 100 ग्रॅम. हे सगळं ग्लुकोज पायरुव्हेटपर्यंत सुरळीत पोचलं आणि बंद दरवाज्यापाशी अडून बसलं. जे थोडं थायमिन शिल्लक होतं, तेही या कामाला जुंपलं जाऊन संपलं. औषध म्हणून दिलेल्या साखरेने झाकलेली उणीव उघडी पाडली.

सुदैवाने एका वयस्क डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले. बाजूला बघायला सांगितलं की बुबुळं थरथरत होती आणि पूर्ण वळत नव्हती. त्यांनी तपासणीच्या अहवालाची वाट न बघता शिरेतून थायमिन भरपूर सुरू केलं, सोबत मॅग्नेशियमही. उलट्यांत मॅग्नेशियम वाहून जातं, आणि ते नसेल तर थायमिनची सांडशी तयारही होत नाही, विकरात बसतही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला एकच काकू दिसायला लागली. चालणं सुधारायला मात्र कित्येक आठवडे गेले. दवाखान्यातले ते काही दिवस तिला आजही आठवत नाहीत.

अडलेली पायरी तासाभरात मोकळी होऊ शकते, पण ती फार वेळ अडून राहिली तर पेशी मरतात आणि मेलेली पेशी थायमिनने उठत नाही. काहींची स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून फार दिवस उलट्या झालेल्या, दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या किंवा खूप मद्यपान करणाऱ्या माणसाला ग्लुकोज लावताना, "आधी बी-१ दिलंय का?" हा प्रश्न नातेवाइकांनी जरूर विचारावा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रक्तातली साखर खरोखरच धोकादायक उतरली असेल, तर ग्लुकोज थांबवायचं नसतं. तेव्हा दोन्ही बरोबरच द्यायची.

याची खात्री करणारी तपासणीही मोठी सुरेख आहे. तांबड्या पेशीत पायरुव्हेट जाळणारी भट्टीच नसते, पण ट्रान्सकिटोलेज नावाचं एक विकर असतं आणि त्यालाही हीच सांडशी लागते. रक्ताच्या नमुन्यात त्याचं काम मोजतात, मग नळीत तयार सांडशी टाकून पुन्हा मोजतात. काम साधारण 25 टक्क्यांहून अधिक वाढलं, तर विकर रिकाम्या हाताने बसलं होतं असं समजायचं. पीटर्सच्या कबुतराचाच हा प्रयोग, फक्त एका थेंबावर.

प्रत्येक जीवनसत्त्वाचा हिशेब इतका सरळ लागत नाही. आपल्या दख्खनच्या ज्वारीचंच उदाहरण घ्या. नायसिनपासून एनएडी हे सहविकर बनतं आणि ते कमी पडलं की पेलाग्रा होतो. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे पडतात, जुलाब लागतात, बुद्धी भ्रमते. पण एनएडी शेकडो क्रियांत लागतं, म्हणून अमुक एका पायरीवर बोट ठेवता येत नाही. जवळजवळ ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब माणसांत हा रोग का होतो, याचा शोध डॉ. सी. गोपालन यांनी इथे हैदराबादेतच घेतला. ज्वारीतल्या जास्तीच्या ल्यूसीनकडे त्यांनी बोट दाखवलं, पण ते कारण सगळ्यांना पटलेलं नाही. डाळ, दूध, भाजीबरोबर भाकरी खाणाऱ्यांनी मुळीच घाबरू नये.

ते काम ज्या तारनाक्याच्या पोषण संस्थेत झालं, तिच्यावरून आपण रोज जातो. तिचं मूळ 1918 साली कुन्नूरला मॅककॅरिसन यांनी एका खोलीत सुरू केलेल्या बेरीबेरीच्या चौकशीत आहे. किनारपट्टीच्या आंध्रात पांढरा, कच्चा सडलेला तांदूळ खाणाऱ्यांत तेव्हा बेरीबेरी होती, आणि उकडा तांदूळ खाणारे मुलूख तिच्यापासून पुष्कळसे वाचलेले होते. भात उकडताना कोंड्यातलं थायमिन दाण्यात शिरतं, मग तो सडला तरी बरंचसं आत राहतं. कोकणातली आजी उकड्या तांदळाची पेज का सोडत नव्हती, हे तिला ठाऊक असो वा नसो, पायरुव्हेटचा दरवाजा ती उघडा ठेवत होती. तेव्हा तांदूळ पाच पाण्यांनी धुऊ नका, भाताचं पाणी ओतून देऊ नका आणि डाळ लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडा टाकू नका. सोड्याने थायमिन मोडतं.

त्या मुलीला पुढे मुलगा झाला. तो सध्या आरतीत झांजा वाजवतो आणि ताल चुकवतो. त्याला मात्र कोणत्याही जीवनसत्त्वाची उणीव जबाबदार नाही.